केटररशी झालेल्या फोनचे टिपण

लग्नाच्या केटररशी झालेल्या फोनचे टिपण म्हणजे त्या अर्ध्या तासाच्या बोलण्यातून चार गोष्टी निवडून लिहिलेला मजकूर. पानात काय वाढले जाणार, किती पानांचे पैसे लागणार, सगळे मिळून खर्च किती येणार आणि कोणत्या तारखेला किती रक्कम द्यायची, या त्या चार गोष्टी. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरकडच्या घरांत जेवणाचा हा व्यवहार बराचसा फोनवरच ठरतो. चव बघायला एकदा भेट होते. पुढचे सगळे केटरर एखाद्या हॉलच्या भटारखान्यातून आणि घरची मंडळी ऑफिसातून किंवा लोकलच्या गर्दीतून बोलून ठरवतात. असा तोंडी व्यवहार कायद्याने बाद ठरत नाही, कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्याने प्रत्येक करार लेखी असण्याची अट घातलेली नाही. मात्र दोन महिन्यांनी नेमके काय ठरले होते हे दोन्ही बाजूंना वेगवेगळे आठवते, आणि तेव्हा तोंडी शब्दाला आधार उरत नाही.

टिपण लिहिताना पहिले काम असते ते वाक्यांची जात ओळखण्याचे. फोनवर बोललेली प्रत्येक गोष्ट ठरलेली नसते. काही गोष्टी दोघांनी स्पष्टपणे मान्य केलेल्या असतात, काही एकाने मागितलेल्या आणि दुसऱ्याने मोघम होकार दिलेल्या असतात, तर काही नुसत्या विषय निघाला म्हणून बोललेल्या असतात. मुंबईतल्या केटररच्या बोलण्यात मोघम होकाराचे शब्द ठरलेले आहेत: ‘होऊन जाईल’, ‘ते बघून घेऊ’, ‘तुम्ही काळजी करू नका’, ‘त्याचं काही नाही’. यांतले ‘होऊन जाईल’ सर्वांत फसवे. पदार्थ करता येईल एवढेच त्यातून कळते. तो ठरलेल्या दरात बसतो की वेगळा लावला जाईल, याचे उत्तर त्यात नसते. ज्या गोष्टीपुढे पदार्थ, संख्या, दर किंवा तारीख यांपैकी काही पक्के उच्चारले गेले आणि समोरच्याने ‘हो’ म्हटले, तीच ‘ठरले’ या भागात जाते. बाकी सगळे ‘विचारायचे आहे’ या भागात लिहायचे असते. घरच्यांसाठी हा दुसरा भाग पहिल्याइतकाच कामाचा असतो, कारण बिलावर नंतर उगवणाऱ्या रकमा तिथूनच येतात.

एक नमुन्याचा फोन घेऊन हे पाहता येते. त्यातले आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत. मुलुंडच्या एका हॉलमध्ये रविवारी, १३ डिसेंबरला दुपारचे लग्न आहे. ४ ऑक्टोबरला मुलीची आत्या केटररला फोन लावते, आई-वडील शेजारी बसलेले असतात आणि फोन स्पीकरवर असतो. बोलण्यातला मधला तुकडा असा:

‘ताई, तीनशे पानं धरून चालू. दहा टक्के वर चालेल.’

‘आणि विहिणीची पंगत वेगळी हवी. पंचवीस जणींची, केळीच्या पानावर.’

‘करू ना. वाढपी आपले आहेतच.’

‘गोडात जिलबी आहेच, पण मोतीचूरही ठेवायचा का?’ आई मधेच विचारते.

‘होऊन जाईल, वहिनी. सहाशे वीसमध्ये तुमचं पूर्ण पान. जिलबी गरम काढायची तर काउंटरचे पाच हजार वेगळे.’

‘आणि पैसे कसे?’

‘आत्ता पंचवीस टाका, पंधरा दिवस आधी अर्धे, राहिलेले त्या दिवशी.’

एवढ्या तुकड्यात निदान पाच जागा अशा आहेत की ऐकणारे तिघे तीन अर्थ काढतील.

आधी मेनू. ‘पूर्ण पान’ या शब्दावर थांबून चालत नाही, टिपणात पदार्थ एकेक करून लिहावे लागतात. डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत. पुढे वरण-भात, तूप, मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची सुकी भाजी, पुरी, कोथिंबीर वडी, जिलबी, मठ्ठा. प्रत्येक पदार्थाबरोबर त्याचा प्रकारही नोंदवावा, कारण ‘भाजी’, ‘वडी’, ‘भात’ ही नावे फार सैल आहेत. घरच्यांच्या मनात मसालेभात म्हणजे गोडा मसाला आणि तोंडली घातलेला भात असतो. तसे लिहिले नाही तर त्याच जागी मटार पुलाव येऊ शकतो आणि केटररने शब्द मोडला असे म्हणता येत नाही. मोतीचुराचा लाडू मात्र ‘ठरले’ मध्ये जात नाही. त्याला होकार मिळाला, पण दर सांगितला गेला नाही. तो पानामागे ४० रुपयांनी वाढला तर तीनशे पानांचे १२,००० रुपये होतात. फोनवर क्षणात सुटलेल्या एका शब्दाची किंमत एवढी असू शकते.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागांत शेजारी आणि ऑफिसातले पाहुणे गुजराती, मारवाडी जैन असण्याची शक्यता मोठी. म्हणून मेनूच्या भागात जैन पानांची वेगळी ओळ हवी. ‘जैन करून देऊ’ एवढ्याने भागत नाही. कांदा-लसूण टाळणे सोपे आहे, लग्नाच्या पारंपरिक पानात तो बहुतेक नसतोच. जैन पानात कंदमुळेही चालत नाहीत, आणि तिथे बटाट्याची भाजी जाते, अळूच्या भाजीत घातलेला मुळाही जातो. म्हणून उदाहरणातल्या वीस जैन पानांत बटाट्याच्या जागी कोणती भाजी येणार आणि अळूची भाजी मुळ्याशिवाय वेगळी काढणार का, ही दोन उत्तरे टिपणात असावीत. या पाहुण्यांचा काउंटर वेगळा आणि त्यावर पाटी असावी, हेही तिथेच लिहिले की लग्नाच्या दिवशी कुणाला भटारखान्यात जाऊन विचारावे लागत नाही.

संख्येचा भाग सर्वांत नाजूक. घरच्यांच्या आणि केटररच्या तोंडी एकच शब्द असतो, ‘तीनशे’, पण त्यामागे चार वेगळ्या संख्या असतात. पहिली आमंत्रितांची, पत्रिकांवरून धरलेली, समजा ४२०. दुसरी हमीच्या पानांची, म्हणजे कितीही कमी माणसे आली तरी जितक्या पानांचे पैसे द्यायचेच ती, इथे ३००. तिसरी तयारीची, म्हणजे केटरर प्रत्यक्षात जितक्या माणसांचे अन्न शिजवून आणतो ती. चौथी, त्या दिवशी खरोखर वापरलेल्या पानांची. बिल हमीची पाने किंवा वापरलेली पाने, यांतली जी संख्या जास्त असेल तिच्यावर निघते. आमंत्रितांच्या संख्येचा बिलाशी संबंध नसतो, आणि घरातल्या ज्येष्ठांना हेच पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

आता ‘दहा टक्के वर चालेल’ हे वाक्य. घरच्यांना ते बहुधा असे ऐकू येते की तीस माणसे जास्त आली तरी जादा पैसे नाहीत. केटररच्या मनात असते ते एवढेच, की ३३० जणांपुरते अन्न तयार असेल, तुटवडा पडणार नाही, आणि जास्त बसलेल्या प्रत्येक पानाचे पैसे ठरलेल्या दराने लागतील. दोन्ही अर्थ व्यवहारात असतात, पण दुसरा जास्त आढळतो. टिपणात म्हणून संदिग्ध वाक्य जसेच्या तसे उतरवू नये. उलट विचारून खात्री करावी आणि असे लिहावे: ‘हमी ३०० पाने. तयारी ३३० पर्यंत. ३०१ ते ३३० पानांना ६२० रुपयेच. ३३० च्या पुढे अन्न पुरेल याची हमी नाही.’ शेवटचे वाक्य कुणी आपणहून बोलत नाही, पण त्या संख्येचा खरा अर्थ तोच आहे.

हमीच्या तीनशेमध्ये कोण कोण धरले, हेही तिथेच लिहावे. विहिणीच्या पंगतीची २५ पाने तीनशेत धरली की वर? बुफे चालू असताना मानाची पंगत वेगळी बसते, वाढपी वेगळे लागतात, आणि म्हणून तिचा हिशेबही वेगळा लावला जाण्याचा धोका असतो. गुरुजी, सनई-चौघडावाले, फोटोग्राफर, गाड्यांचे ड्रायव्हर अशी पंधरा-वीस माणसे कुणाच्याच यादीत नसतात, पण जेवतात सगळी. लहान मुलांचे अर्धे पान धरायचे असेल तर वयाची मर्यादा लागते. उदाहरणात या तिन्हींची उत्तरे घेतली ती अशी: पंगत आणि बाहेरची माणसे तीनशेत धरून, पाच वर्षांखालच्या मुलांचे पान मोजायचे नाही, त्यावरच्या प्रत्येकाचे पूर्ण पान.

पाने मोजायची कशी, हा संख्येचाच भाग. बुफेत साधारणपणे ताटे मोजतात. जेवण सुरू होण्याआधी काउंटरवर लावलेली ताटे केटररच्या सुपरवायझरसमोर मोजायची, मधे आणलेली ताटे त्यात मिळवायची आणि शेवटी उरलेली वजा करायची. यात एक खोच असते. काही पाहुणे दुसऱ्यांदा वाढून घ्यायला नवे ताट उचलतात आणि दोन पाने मोजली जातात. गोडाच्या वाट्या किंवा छोट्या डिश कुणी हिशेबात धरल्या तर आकडा आणखी फुगतो. म्हणून ‘फक्त मोठे ताट मोजायचे’ असे लिहावे आणि घरातला एक माणूस या कामासाठी नेमून त्याचे नाव टिपणात टाकावे. हा माणूस नवरा-नवरीचा सख्खा भाऊ किंवा बहीण नसलेला बरा. त्या वेळी ती मांडवातून हलू शकत नाहीत.

खर्चाचा भाग गुणाकाराचा आहे, पण तो उघडा करून दाखवावा लागतो, कारण नुसती बेरीज घरच्यांना तपासता येत नाही. उदाहरणात दुपारच्या जेवणाची ३०० पाने, दर ६२०, म्हणजे १,८६,००० रुपये. सकाळच्या नाश्त्याला ८० माणसे, उपमा, साबुदाणा वडा आणि चहा-कॉफी, दर १४०, म्हणजे ११,२००. जिलबीच्या काउंटरचे ५,०००. बेरीज २,०२,२०० रुपये. भांडी, वाढपी आणि वाहतूक दरात धरलेली आहेत, हे केटररने विचारल्यावर सांगितले, म्हणून तेही लिहायचे.

यावर जीएसटी येतो. बाहेर जाऊन जेवण पुरवण्याच्या सेवेवर ऑक्टोबर २०१९ पासून ५ टक्के कर आहे. त्याआधी तो १८ टक्के होता आणि महागड्या हॉटेलांच्या जागेत दिलेल्या जेवणाला अजूनही १८ लागतो. उपनगरातल्या साध्या हॉलमधल्या केटररच्या बिलावर ५ टक्केच अपेक्षित आहेत. २,०२,२०० वर ते १०,११० रुपये होतात आणि एकूण २,१२,३१०. चुकून १८ टक्के लावले गेले तर कर ३६,३९६ होतो, म्हणजे फरक २६,२८६ रुपयांचा. फोनवर ‘सहाशे वीस’ म्हटले तेव्हा ते कर धरून होते की सोडून, हे आत्याने विचारले नव्हते. दुसऱ्या फोनमध्ये ‘सोडून’ असे उत्तर आले आणि मगच वरची बेरीज पक्की झाली. जीएसटी नोंदणी नसलेल्या केटररला हा कर आकारताच येत नाही. म्हणून कर लावणाऱ्या बिलावर १५ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक असायला हवा, आणि महाराष्ट्रातला तो क्रमांक २७ ने सुरू होतो. त्याच बिलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांकही असावा लागतो. दोन्ही क्रमांक मागून टिपणात लिहून ठेवावेत.

आता तारखा. मराठीत ‘आठ दिवस’ म्हणजे बहुतेकदा एक आठवडा आणि ‘पंधरा दिवस’ म्हणजे दोन आठवडे, पण मोजणारा आकड्यावर बोट ठेवून मोजायला लागला की तेच आठ आणि पंधरा होतात. लग्न १३ डिसेंबरला, रविवारी. ‘पंधरा दिवस आधी’ म्हणजे शनिवार २८ नोव्हेंबर की रविवार २९? ‘आठ दिवस आधी आकडा कळवा’ म्हणजे ५ डिसेंबर की ६? एका दिवसाने आभाळ कोसळत नाही. पण आकडा उशिरा कळवला म्हणून वाढीव पाने नाकारायला केटररला जागा मिळते. म्हणून टिपणात दिवसांचे अंतर लिहूच नये. वार आणि तारीख लिहावी, आणि दोन शक्यतांमधली आधीची धरावी.

‘अर्धे’ हा शब्द याहून जास्त गोंधळाचा. २,१२,३१० चे अर्धे म्हणजे १,०६,१५५, आणि पंचवीस हजारांचा इसार त्यातच धरला तर २८ नोव्हेंबरला साधारण ८१,००० द्यायचे. इसार वगळून उरलेल्या १,८७,३१० चे अर्धे म्हटले तर ९३,६५५. आणि इसार बाजूला ठेवून एकूण रकमेचे अर्धे म्हटले तर १,०६,१५५. एकाच शब्दातून तीन रकमा निघतात. खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे ‘त्या तारखेपर्यंत आमच्याकडून एकूण किती आलेले असतील?’ असे विचारणे. केटररने ‘एक लाख सहा’ म्हटले की हप्ता आपोआप ८१,००० ठरतो.

पैसे कोणत्या मार्गाने द्यायचे हेही तारखेबरोबर यावे, कारण मार्गाला मर्यादा आहेत. यूपीआयने दिवसाला सर्वसाधारणपणे एक लाखापर्यंतच रक्कम पाठवता येते. उदाहरणातला शेवटचा हप्ता १,०६,३१० आहे. जेवणे आटोपल्यावर मोबाइल काढला की तो एका दमात जाणार नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते, म्हणून रविवारी ती उपयोगी पडते. मात्र बऱ्याच बँका खाते नव्याने जोडल्यावर पहिल्या दिवशी लहान रकमाच जाऊ देतात. त्यामुळे केटररचे खाते आधीच जोडून ठेवावे, आणि इसार त्याच खात्यात पाठवला की ते खाते बरोबर आहे याचीही खात्री होते. रोखीचा विचार असेल तर आयकर कायद्यातली २०१७ पासूनची तरतूद लक्षात घ्यावी लागते. एकाच समारंभासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, हप्ते पाडले तरी नाही. तेवढाच दंड घेणाऱ्याला होतो. दोन लाख बारा हजारांचे हे बिल म्हणूनच पूर्ण रोखीत फेडता येणार नाही.

हे सगळे उतरवल्यावर घरच्यांच्या गटावर जाणारे टिपण मोबाइलच्या एका पडद्यात जवळपास मावते:

‘लग्न रविवार १३ डिसेंबर, मुलुंड. केटररशी फोन ४ आणि ५ ऑक्टोबर.

ठरले. जेवण: डावी बाजू, वरण-भात-तूप, मसालेभात (गोडा मसाला, तोंडली), अळूची भाजी, बटाटा भाजी, पुरी, कोथिंबीर वडी, गरम जिलबी, मठ्ठा. बुफे. विहिणीची पंगत २५, केळीच्या पानावर. जैन २०, वेगळा काउंटर, बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी, अळू मुळ्याशिवाय. नाश्ता ८०: उपमा, साबुदाणा वडा, चहा-कॉफी.

पाने: हमी ३०० (पंगत, जैन, गुरुजी, फोटोवाले, ड्रायव्हर धरून). तयारी ३३०. ३३० पर्यंत जादा पान ६२०. अंतिम आकडा शनिवार ५ डिसेंबरपर्यंत, वाढवता येईल, ३०० च्या खाली नाही. फक्त मोठी ताटे मोजायची. मोजणार धाकटे मामा.

खर्च: २,०२,२०० + जीएसटी १०,११० = २,१२,३१०.

पैसे: शनिवार १० ऑक्टोबर २५,०००. शनिवार २८ नोव्हेंबर ८१,०००. रविवार १३ डिसेंबर १,०६,३१० आणि जादा पानांचे. सर्व केटररच्या खात्यात.

विचारायचे: मोतीचूर लाडवाचा दर. पाण्याच्या छोट्या बाटल्या धरल्या का. बाहेरचा केटरर आणल्याबद्दल हॉल काही घेतो का, आणि घेत असेल तर कोण देणार. पुरी-जिलबी हॉलवर तळायला परवानगी.’

शेवटच्या ओळीतले शेवटचे दोन प्रश्न केटररला विचारण्याचे नाहीत, ते हॉलच्या कार्यालयात विचारायचे आहेत. काही हॉल स्वतःचाच केटरर घ्यायला लावतात, काही बाहेरच्याला येऊ देतात पण त्याचे शुल्क घेतात, आणि हे शुल्क केटररच्या दरात नसते. दोन्ही घरे खर्च वाटून घेणार असतील तर प्रत्येक हप्त्यापुढे तो कोण भरणार हेही लिहावे. एरवी २८ नोव्हेंबरला दोघेही दुसऱ्याने भरले असेल असे समजून स्वस्थ बसतात.

हेच टिपण, घरगुती ओळी वगळून, त्याच संध्याकाळी केटररला पाठवायचे असते. त्याखाली ‘बरोबर आहे का, कळवा’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत इसार थांबवावा. नुसता अंगठा आला तर ‘३०० हमी आणि ५ टक्के कर, बरोबर ना?’ असे दोनच मुद्दे पुन्हा विचारावेत, कारण लांब मजकुराला दिलेला अंगठा कित्येकदा न वाचता दिलेला असतो. पुढे बदल झाला तर जुना मजकूर खोडू नये. ‘२० नोव्हेंबर: मोतीचूर रद्द’ अशी तारखेची ओळ खाली जोडावी, म्हणजे कुठला बदल कधी झाला ते दोघांना दिसते.

५ डिसेंबरला आत्याने आकडा कळवला: ३०० कायम. लग्नाच्या दिवशी धाकट्या मामांनी सुपरवायझरसमोर ताटे मोजली तेव्हा पंगतीसह ३१८ पाने झाली होती. जादा १८ पानांचे ११,१६० रुपये आणि त्यावरचा कर ५५८, मिळून ११,७१८. शेवटच्या हप्त्यात ते मिळवून १,१८,०२८ रुपये एनईएफटीने गेले, आणि दोन्ही क्रमांक छापलेले २,२४,०२८ रुपयांचे बिल त्याच गटावर टिपणाखाली येऊन पडले.